एका शब्दात लपलेला लूप

[पडद्यावर: काळ्या पार्श्वभूमीवर आकड्यांची एक रांग. 22, 13, 41, 30, 13]

या रांगेत एखादा आकडा दोनदा आलाय का? पाचच आकडे आहेत, त्यामुळे नुसत्या नजरेनंच कळतं: 13. प्रोग्रामिंग शिकायला लागलं की पहिल्या काही आठवड्यांतच हा सराव समोर येतो. लिस्ट दिलेली असते, तिच्यात डुप्लिकेट आहे की नाही एवढंच सांगायचं असतं. बहुतेक जण तो असा सोडवतात.

```python
def has_duplicate(a):
    n = len(a)
    for i in range(n):
        for j in range(i + 1, n):
            if a[i] == a[j]:
                return True
    return False
```

उत्तर बरोबर आहे. प्रत्येक आकडा उचलायचा आणि त्याच्या पुढच्या प्रत्येकाशी ताडून पाहायचा. एकही जोडी सुटत नाही. दहा आकडे द्या, शंभर द्या, उत्तर लगेच येतं. मग कोणीतरी एक लाख आकड्यांची फाइल देतं आणि पडदा नुसता थांबून राहतो. प्रोग्राम अडकलेला नसतो, तो इमानेइतबारे काम करत असतो. किती काम, ते मोजून पाहू.

[पडद्यावर: चौकटींचा चौरस. आडवी बाजू j, उभी बाजू i. कर्णाच्या वरचा भाग हळूहळू रंगत जातो]

या चौरसातली रंगलेली प्रत्येक चौकट म्हणजे एक तुलना. पहिल्या आकड्याला उरलेल्या सगळ्यांशी ताडायचं, म्हणजे n-1 तुलना. दुसऱ्याला n-2, तिसऱ्याला n-3. शेवटच्यासाठी काहीच उरत नाही. बेरीज n(n-1)/2. पाच आकड्यांना 10 तुलना, हजार आकड्यांना 4,99,500, दोन हजारांना 19,99,000.

हे शेवटचे दोन आकडे पुन्हा एकदा पाहा. यादी दुप्पट झाली आणि काम जवळजवळ चौपट झालं. आतला लूप i + 1 पासून सुरू केल्यामुळे निम्मा चौरस वाचला, हे खरं. पण उरलेला त्रिकोणसुद्धा बाजू दुप्पट केली की चौपटच वाढतो. म्हणूनच हे काम O(n²), म्हणजे n च्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारं, आहे असं म्हणताना तो निम्म्याचा भाग कोणी बोलून दाखवत नाही.

एक लाखाला हे सूत्र लावलं की जवळजवळ 500 कोटी तुलना होतात. पायथनमध्ये सेकंदाला दोन कोटी तुलना होतात असं धरू. यंत्रानुसार हा वेग बदलेल, पण अंदाजाला पुरेसा आहे. मग चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागेल. दहा लाख आकड्यांना त्याच वेगानं सुमारे सात तास.

[पडद्यावर: कर्सर. जुना कोड पुसला जातो]

आता येते ती सुधारणा, जिच्यासाठी मला ही फिल्म करावीशी वाटली. शिकणाऱ्याला कोणीतरी सांगितलेलं असतं की लूपच्या आत लूप नको. म्हणून तो आजवर पाहिलेले आकडे बाजूला जमवत जातो.

```python
def has_duplicate(a):
    seen = []
    for x in a:
        if x in seen:
            return True
        seen.append(x)
    return False
```

वाचताना एकच लूप दिसतो. एकच `for`, म्हणजे n पावलं, अशी मनाची खात्री पटते. मीही कित्येक दिवस हेच मानत होतो, आणि प्रोग्राम हळू का चालतो याचं कारण फाइल वाचण्यात शोधत बसलो होतो.

कारण चौथ्या ओळीत आहे. `in` हा दोन अक्षरांचा शब्द एकच पाऊल वाटतो. पण `seen` ही लिस्ट आहे, आणि अमुक आकडा आपल्याकडे आहे का हे ठरवायला लिस्टकडे एकच मार्ग असतो: पहिल्या घरापासून एकेक बघत जाणं. पहिल्या आकड्याच्या वेळी `seen` रिकामी असते, दुसऱ्याच्या वेळी तिच्यात एक आकडा असतो, तिसऱ्याच्या वेळी दोन. एकही डुप्लिकेट नसेल तर बेरीज होते 0 + 1 + 2, अशी n-1 पर्यंत. म्हणजे पुन्हा n(n-1)/2. मघाच्या त्रिकोणातल्या चौकटींइतकीच संख्या, एकही कमी नाही. आधी आपण पुढं बघत होतो, आता मागं बघतोय, इतकाच बदल.

हा दुसरा प्रोग्राम प्रत्यक्षात पहिल्यापेक्षा लवकर संपतो, आणि त्यामुळेच जास्त फसवतो. `in` च्या आतला लूप पायथनच्या सी भाषेतल्या गाभ्यात चालतो, म्हणून प्रत्येक तुलना स्वस्त पडते. पण यादी दुप्पट केली की वेळ तरीही चौपटच होतो. स्वस्त तुलनांचाही त्रिकोण तो त्रिकोणच.

[पडद्यावर: `seen = []` मधले चौकोनी कंस पुसले जातात. तिथे `set()` उमटतं. खालच्या `append` च्या जागी `add`]

एका ओळीत `set()` लिहिलं आणि `append` ऐवजी `add` केलं. बाकी सगळं तसंच. आता तेच एक लाख आकडे पापणी लवते न लवते तोच संपतात. `in` तोच आहे, पण तो ज्याला प्रश्न विचारतो तो बदलला.

सेट काय करतो, ते आपल्या पाच आकड्यांवरच पाहू.

[पडद्यावर: आठ रिकामी घरं, 0 ते 7]

पायथनचा नवा, रिकामा सेट आठ घरांनिशी सुरू होतो. आकडा आला की आधी त्याचा हॅश, म्हणजे ठरलेल्या नियमानं त्याच्यापासून मिळणारी एक संख्या, काढला जातो. आपल्या लहान, धन पूर्णांकांचा हॅश म्हणजे तो आकडाच. त्याला आठनं भागून उरलेली बाकी, हा घराचा क्रमांक.

22 येतो. बाकी 6. सहावं घर रिकामं आहे, म्हणजे 22 आधी आलेला नाही. त्याला तिथं ठेवा. 13 येतो, बाकी 5, घर रिकामं, ठेवा. 41 ची बाकी 1, तेही घर रिकामं, ठेवा.

मग येतो 30. बाकी पुन्हा 6, आणि त्या घरात 22 बसलाय. याला टक्कर म्हणतात. एकच घर मिळालं म्हणून ते सारखे होत नाहीत, म्हणून सेट त्यांना ताडून पाहतो. वेगळे निघतात. मग ठरलेल्या नियमानं पुढचं घर तपासतो, इथं ते सातवं. ते रिकामं आहे, आणि तिथंच शोध थांबतो. इथं क्षणभर थांबायला हवं, कारण सगळा वेग या थांबण्यात आहे. 30 आधी आला असता तर तो याच वाटेनं गेला असता आणि याच घरात बसला असता. घर रिकामं आहे, म्हणजे तो आलेलाच नाही. पाचव्या आणि पहिल्या घरात डोकावायची गरजच पडली नाही.

शेवटी दुसरा 13. बाकी 5. पाचव्या घरात 13 आहेच. डुप्लिकेट सापडला, एका तुलनेत.

लिस्ट विचारते, "माझ्यासारखा इथं कोण आहे?" सेट विचारतो, "मी असतो तर कुठं असतो?" पहिल्या प्रश्नाला सगळ्यांची हजेरी घ्यावी लागते. दुसऱ्याचं उत्तर आकड्यातूनच निघतं. किमतीवरूनच जागा ठरवण्याची ही कल्पना हान्स पीटर लुन यांनी 1953 साली आयबीएममध्ये एका अंतर्गत टिपणात मांडली होती.

[पडद्यावर: आठ घरं भरत जातात. पाचवा नवा आकडा पडताच घरं बत्तीस होतात]

घरं भरत गेली की टकरा वाढणार, हे उघड आहे. म्हणून सेट ती कधी पूर्ण भरूच देत नाही. पायथनच्या सध्याच्या आवृत्त्यांत साधारण तीन पंचमांश घरं भरली की मोठा तक्ता घेतला जातो आणि सगळे आकडे त्यात नव्यानं मांडले जातात. एकेका वेळी हे काम मोठं असतं, पण तक्ता दर वेळी निदान दुप्पट होत असल्यामुळे ते क्वचित करावं लागतं. सगळ्या फेरमांडण्यांची मिळून बेरीजही n च्या काही पटीतच राहते. म्हणून एका शोधाचा सरासरी खर्च यादीच्या लांबीवर अवलंबून राहत नाही, आणि पूर्ण कामाचा वेळ O(n) येतो.

किंमत मोजावी लागते ती जागेत. दहा लाख आकड्यांच्या सेटचा तक्ता सुमारे 32 एमबी घेतो, आणि त्यातली निम्म्याहून जास्त घरं रिकामी असतात. मघाशी शोध थांबवणारी घरं हीच.

[पडद्यावर: दोन आलेख, वेळ आणि यादीची लांबी]

हे स्वतः पडताळायचं असेल तर एकच काळजी घ्या: चाचणीच्या यादीत एकही डुप्लिकेट नको. पहिलेच दोन आकडे सारखे असतील तर लूपच्या आतला लूपही एका तुलनेत परततो, आणि तिन्ही प्रोग्राम सारखेच वेगवान दिसतात. `list(range(n))` घ्या, n दर वेळी दुप्पट करा, `time.perf_counter()` नं वेळ मोजा. सेकंद किती लागले यापेक्षा गुणोत्तर पाहा. चौपट येत असेल तर कुठंतरी त्रिकोण दडलाय. दुप्पटीच्या आसपास असेल तर नाही.

मग हीच चाचणी एकदा या यादीवर करून पाहा.

```python
m = 2**61 - 1
a = [k * m for k in range(n)]
```

हे सगळे आकडे वेगळे आहेत. पण 64 बिटांच्या पायथनमध्ये पूर्णांकाचा हॅश म्हणजे त्याला 2⁶¹ - 1 नं भागून उरणारी बाकी, आणि इथं प्रत्येकाची बाकी 0. सगळे एकाच घरापाशी येतात, एकाच वाटेनं पुढं सरकतात, आणि प्रत्येक नव्या आकड्याला आधीच्या सगळ्यांशी ताडावं लागतं. तोच सेट, तोच कोड, आणि गुणोत्तर पुन्हा चौपट. सेटचा वेग हॅश नीट पसरण्यावर उभा आहे, आणि असे आकडे कोणी मुद्दाम पाठवू शकतं. मजकुराच्या बाबतीत हाच धोका ओळखून 2012 च्या पायथन 3.3 पासून स्ट्रिंगचा हॅश प्रोग्रामच्या प्रत्येक खेपेला बदलता ठेवला गेला. पूर्णांकांचा हॅश मात्र आजही ठरलेलाच आहे.

[पडद्यावर: चौरस पुन्हा दिसतो. कर्णाच्या वरचा त्रिकोण एकेका चौकटीनं भरत जातो]