बादली उचलताना दुखतंय का?

नमस्कार श्रोतेहो. पडताना माणूस हात पुढे टाकतो आणि अंगाचा सगळा भार तळहातावर येतो. मग मनगट दुखलं की तपासणारा आधी अंगठ्याकडची बाजू दाबतो, कारण तिथलं हाड जास्त वेळा मोडतं. आज बोलायचंय ते करंगळीकडच्या बाजूबद्दल. मनगटात आठ लहान हाडं असतात. त्यातली करंगळीकडची मोडली तर साध्या एक्स-रेत कधी कधी दिसतच नाहीत.

आपल्या नागपुरातल्या एका मावशींचंच घ्या. लग्नाकार्यात उलट्या मडक्यावर लांबरोटी करण्यात त्यांचा हातखंडा. श्रावणातल्या एका सकाळी ओल्या फरशीवर त्यांचा पाय सटकला. (अंगणाला आरशासारखी गुळगुळीत टाइल बसवायची हौस कुणी काढली, देव जाणे. शहाबादी फरशी काय वाईट होती?) उजवा हात पुढे गेला आणि करंगळीखालचा तळव्याचा गादीसारखा भाग नेमका उंबरठ्याच्या कडेवर आपटला.

सूज जेमतेमच. एक्स-रे निघाला, एक समोरून, एक बाजूने. "हाड ठीक आहे, लचक आहे," म्हणून पट्टी बांधून दिली. शेजारणीने कोमट तेल चोळून दिलं. सूज उतरली, पण दुखणं गेलं नाही. गंमत अशी की लिहिताना, जेवताना दुखायचं नाही. पाण्याची भरलेली बादली उचलली, की कडी तळव्यात जिथे रुतते तिथेच कळ यायची. कणीक आपटून सैल करायची म्हटलं की हात मागे यायचा. पाचव्या आठवड्यात अनामिका आणि करंगळी रात्री मुंग्या येऊन बधिर व्हायला लागल्या. मावशी म्हणाल्या, "लचक असती तं पाच हप्ते राहिली असती का जी?"

बरोबर बोलल्या. मग तपासणाऱ्याने मनगटाच्या घडीवर, करंगळीच्या बाजूला, वाटाण्याएवढं टणक हाड असतं ते दाबलं. काही नाही. तिथून अंगठा तर्जनीच्या बुडाच्या दिशेने दीड सेंटिमीटर सरकवला आणि खोल दाबला. "आई गं!" मग मनगट करंगळीकडे झुकवून, करंगळी आणि अनामिका दुमडायला सांगितली आणि ती बोटं उलट ओढली. पुन्हा तीच कळ, त्याच जागी. सीटी स्कॅन केला, तेव्हा हॅमेट नावाच्या करंगळीकडच्या हाडाचा हुकासारखा आकडा बुडापासून तुटलेला दिसला.

हा आकडा तळव्याच्या बाजूला वर आलेला असतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत तो त्याच हाडाच्या सावलीत झाकला जातो, बाजूने काढलेल्यात इतर हाडांमागे. म्हणून मनगट मागे वाकवून, तळव्याच्या बुडाशी हाडांमध्ये बोगद्यासारखी पोकळी असते तिच्या रोखाने काढतात तो खास एक्स-रे लागतो. तोही चुकू शकतो, सीटी सहसा चुकत नाही.

असा तुटलेला आकडा सहजासहजी जुळत नाही. का? एक तर त्याला रक्तपुरवठा बेताचा. दुसरं म्हणजे करंगळी आणि अनामिका दुमडणारे स्नायूंचे दोर याच आकड्याला वळसा घालून जातात. मूठ वळली की दोर त्याला ओढतात, तुटलेला तुकडा हलतो. शिवाय करंगळीकडची नस अगदी शेजारून जाते, म्हणून त्या मुंग्या. असंच चालवून घेतलं तर खरबरीत कडेवर घासून करंगळीचा दोर तुटू शकतो. मग करंगळी दुमडतच नाही.

लवकर सापडलं आणि तुकडा सरकलेला नसला, तर साधारण सहा आठवडे प्लास्टर. मावशींचं उशिरा सापडलं, म्हणून छोट्या चिरेतून तुकडा काढून टाकला. त्याच्यावाचून हाताचं फारसं अडत नाही. दोन आठवड्यांनी टाके निघाले. सहा आठवड्यांनी अर्धी बादली उचलता आली. व्रण मात्र पुढे दोन-तीन महिने बादलीची कडी लागली की हुळहुळायचा.

दुखणं तळव्याऐवजी हाताच्या पाठीवर, करंगळीकडे वर आलेल्या मनगटाच्या हाडाच्या जरा पुढे असेल, तर ट्रायक्वेट्रम या हाडाची कपची निघालेली असू शकते. ती बाजूने काढलेल्या एक्स-रेत दिसते. बहुतेकांना चार ते सहा आठवडे पट्टा पुरतो.

तेव्हा पुन्हा सांगतो. दवाखान्यात "मनगट दुखतंय" एवढंच सांगू नका. एका बोटाने जागा दाखवा, तळव्याकडून की पाठीकडून ते सांगा, आणि बादली उचलताना दुखतं का तेही सांगा. कोणता एक्स-रे काढायचा हे त्यावरच ठरतं. जुनी फिल्म सोबत न्या. मोबाइलवर काढलेल्या फोटोत कपची दिसत नाही. दोन आठवड्यांनीही त्याच जागी दाबल्यावर दुखत असेल, तर पहिला एक्स-रे ठीक होता म्हणून थांबू नका. आणि बोटं बधिर झाली किंवा करंगळी दुमडेनाशी झाली, तर त्याच दिवशी दाखवा. तोवर तेल चोळायचं नाही.