आधी चौकट, मग काठ

(सांगलीतल्या एका महिला मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, ‘तोरणावर आरशांची मांडणी आणि रंगसंगती’. त्याकडे येणारच आहे. पण आरसा कापडावर बसलाच नाही तर त्याची मांडणी करून काय उपयोग? म्हणून सुरुवात बसवण्यापासून.

हल्ली दुकानात तोरण घ्यायला गेलात की पहिल्यांदा आरसा नखानं हलवून बघा. खालून चिकट, कडक लागला तर तो डिंकावर बसवलाय आणि वरचा दोऱ्याचा काठ नुसता दिखाऊ आहे. याचा मला मनापासून राग येतो. गोंद वाळून कडक होतो, सुई त्यातून जात नाही, जोर केला तर मोडते, आणि दोन पावसाळ्यांत आरशाभोवती पिवळा डाग उमटतो. लग्नघरात हौसेनं टांगलेलं तोरण असं व्हावं, हे मला पटत नाही. आरशाला भोक नसतं, टिकलीसारखा तो टाचता येत नाही. त्याला दोऱ्यानंच धरायचं असतं, आणि धरणारा दोरा म्हणजे काठ नव्हे. धरते ती आतली चौकट, आरशावरून आडव्या-उभ्या नेलेल्या धाग्यांची. आज घरी जाताना एवढं एकच वाक्य सोबत न्या.

2019 च्या ऑगस्टमधला पूर इथं कुणाला सांगायला नको. पाणी उतरल्यावर गावभागातल्या एका घरून माझ्याकडे एक जुनं तोरण आलं. आजेसासूबाईंच्या रुखवतातलं, त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या बहिणीनं अर्धं अर्धं भरलेलं. चिखलाच्या पाण्यात दोन दिवस भिजलं होतं. डाव्या अर्ध्यातले सगळे आरसे जागेवर. उजव्या अर्ध्यातले बरेचसे गळालेले, पण दोऱ्याची वर्तुळं मात्र जशीच्या तशी, रंगसुद्धा छान राहिलेला. कापड एकच, दोरा एकच, पाणीही एकच. मग फरक कशाचा?

भिंग घेऊन बसले. उजव्या बाजूच्या रिकाम्या वर्तुळांत चौकटीचे धागे दिसत होते. दोन आडवे घातलेले, त्यावर दोन उभे नुसते ठेवल्यासारखे. कुठंही एकमेकांत अडकवलेले नाहीत. डाव्या बाजूला एका आरशाचा काठ मी हळूच सुईनं बाजूला केला, तर प्रत्येक उभा धागा आडव्याला वेढा घालूनच पुढं गेलेला. शिवाय त्यावर तिरप्या धाग्यांची दुसरी चौकट. सुती कापड पहिल्या भिजण्यात आटतं. आरसा काही आटत नाही. कापड आकसलं की आरशावरून ताणून नेलेला धागा सैल पडतो. जिथं धागे एकमेकांना धरून होते तिथं ते सैल होऊनही जागा सोडू शकले नाहीत. जिथं नुसते एकावर एक होते तिथं ते घसरत आरशाच्या कडेला गेले आणि आरसा सुटला. पाण्यानं मागचा मुलामा मात्र दोन्ही बाजूंचा काळवंडला होता, त्याला इलाज नाही.

आता हे करायचं कसं ते नीट ऐका, कागद असेल तर लिहून घ्या. कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री केलेलं हवं, म्हणजे जे आटायचं ते आधीच आटून जाईल. आरशाची कड बारीक पॉलिश पेपरवर घासून घ्या, कापलेली काच दोरा कातरते. साधारण दोन सेंटिमीटरचा आरसा धरून सांगते. डाव्या अंगठ्यानं आरसा दाबून धरा. सहापदरी दोऱ्यातले तीन पदर घ्या. आरशाच्या अगदी कडेला सुई वर काढा, पलीकडे कडेलाच खाली घाला. असे दोन आडवे धागे, आरशाची रुंदी तीन भागांत वाटेल असे. मग दोन उभे, आणि प्रत्येक उभा धागा आडव्यापाशी आला की त्याला एक वेढा द्यायचाच. मध्ये चौकोनी खिडकी तयार होते. त्यावर आणखी चार धागे तिरपे, त्यांनाही जिथं पहिले धागे भेटतील तिथं वेढे. प्रत्येक धागा बाजेच्या सुतळीसारखा ताठ हवा.

आता कापड उलटं करून झटका. आरसा हलला, तर उसवा. इथं कंटाळा केलात तर काठ कितीही सुंदर भरा, उजव्या बाजूचं तोरण होणार.

खिडकीची जागा हा पुढचा प्रश्न, आणि चुकतं ते बहुतेक इथंच. धागे कडेला फार जवळ घातलेत तर काठ भरताना ते बाहेर ओढले जातात आणि आरशावरून निसटतात. फार मध्यभागी घातलेत तर काठ जाडजूड होतो आणि आरसा टिकलीएवढा दिसतो. बरोबर एक तृतीयांशावर घातलेत तर काठ चौकोनाला चहूबाजूंनी बाहेर ओढतो आणि खिडकी आपोआप गोल होते.

काठ काजाच्या टाक्याचा. सुई आरशाला लागून कापडातून वर काढा. ती खिडकीतून चौकटीच्या धाग्यांखाली सरकवून बाहेर आणा, दोरा सुईखाली ठेवून ओढा, हा झाला काज. लगेच आरशाच्या कडेला लागून कापडात एक छोटा टाका, पुन्हा दोरा सुईखाली. एक काज चौकटीवर, एक टाका कापडावर, असं फिरत यायचं. चौकटीखालून सुई नेढ्याच्या बाजूनं सरकवा, टोकानं नेलीत तर चौकटीचा दोरा फाटतो. ओढ सगळीकडे सारखी आणि बाहेरच्या दिशेनं ठेवा, नाहीतर गोल बटाट्यासारखा होतो. चौकट आणि काठ एकाच रंगाचा असावा, कारण काजाच्या फटीतून चौकट डोकावतेच.

एक राहिलं. जुने आरसे किंचित फुगीर का असतात, असं मघाशी एका ताईंनी विचारलं. गुजरातेत कपडवंजला काचेचा मोठा फुगा फुगवून, आतून मुलामा देऊन, तो फोडून तुकडे कापायचे. म्हणून ती काच पातळ आणि थोडी वाकलेली. ती बसवताना खोलगट बाजू कापडाकडे ठेवा, मग डुगडुगत नाही.

घड्याळाकडे बघून सेक्रेटरीबाई खुणावताहेत, म्हणजे मांडणीला पाचच मिनिटं. तोरणाच्या पानांवर आरसे एका ओळीत लावू नका, एक वर एक खाली लावा, म्हणजे शेजारचे काठ एकमेकांना चिकटत नाहीत. दोन आरशांत निदान अर्ध्या आरशाएवढी जागा सोडा, काठालाही रुंदी असते. मोठे आरसे झालरीच्या टोकाशी नकोत, वजनानं कापड ओघळतं. रंगाचं थोडक्यात: गडद कापडावर काठ उजळ, फिक्या कापडावर गडद, आणि एका तोरणात काठाचे तीनपेक्षा जास्त रंग नकोत. धुवायचं तर गार पाण्यात बुडवून लगेच बाहेर काढा, पिळू नका, सावलीत आडवं वाळवा. आता सुई-दोरा आणलेल्यांनी पुढच्या सतरंजीवर या, बाकीच्यांसाठी चहा तिकडे आहे.