पीके एकही फाइल तपासत नाही

अध्यक्षमहाशय आणि मित्रहो, संगणक सुरू होताना फक्त विश्वासातले सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या यूईएफआय सिक्युअर बूटमधल्या डीबीएक्सबद्दल, म्हणजे मनाई केलेल्या फाइलींच्या यादीबद्दल बोलायचे मी कबूल केले आहे, आणि तिथे मी येणारच आहे. पण आधी माझी एक जुनी तक्रार आपल्याला ऐकून घ्यावी लागेल. या विषयावरच्या बहुतेक सादरीकरणांत एक पिरॅमिड असतो. टोकाला पीके, म्हणजे प्लॅटफॉर्म की. मध्ये केईके, म्हणजे की एक्स्चेंज की. आणि तळाशी डीबी, म्हणजे परवानगी असलेल्यांची यादी, व डीबीएक्स. तो पाहून चांगल्या जाणकारांचीही अशी समजूत होते की, वेबसाइटच्या प्रमाणपत्रांसारखी इथेही एक साखळी आहे आणि ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्या बूटलोडरवरची सही तपासताना फर्मवेअर त्या साखळीने चढत पीकेपर्यंत पोहोचते.

तसे काहीही होत नाही. बूटलोडर तपासताना पीके आणि केईके यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. फाइलचा हॅश किंवा तिच्यावर सही करणाऱ्याचे प्रमाणपत्र डीबीएक्समध्ये सापडले, तर फाइल नाकारली जाते. तिथे सापडले नाही आणि डीबीत जुळले, तर ती चालते. दोन्हींकडे सापडले, तर डीबीएक्सचा शब्द अखेरचा.

वरच्या दोन चाव्यांचे काम वेगळे आहे: कोणत्या यादीत कोणी लिहायचे, हे त्या ठरवतात. डीबी किंवा डीबीएक्स बदलायची असेल तर त्या बदलावर केईकेमधल्या एखाद्या चावीची सही लागते, केईके बदलायची तर पीकेची, आणि पीकेच बदलायची तर जुन्या पीकेची. केईकेमध्ये अनेक चाव्या राहू शकतात. पीके मात्र एकच, आणि ती सहसा संगणक बनवणाऱ्या कंपनीची असते. पीकेची जागा रिकामी असली की यंत्र सेटअप मोडमध्ये जाते आणि याद्यांत बदल करायला सही लागत नाही.

या फरकाची किंमत काय, ते जुलै २०२४ मध्ये बायनार्ली या संस्थेने उघड केलेल्या ‘पीकेफेल’ प्रकरणातून कळते. एएमआय ही फर्मवेअर पुरवणारी कंपनी चाचणीसाठी एक नमुना पीके देत असे आणि उत्पादकाने ती काढून स्वतःची बसवावी, अशी अपेक्षा होती. तिच्या प्रमाणपत्रावरचे नाव वाचण्यासारखे आहे: `DO NOT TRUST - AMI Test PK`. याहून स्पष्ट कसे लिहायचे, ते आपणच सांगा! तरीही शेकडो मॉडेले तीच चावी घेऊन बाजारात आली आणि तिची खासगी बाजू, जेमतेम चार अक्षरांच्या पासवर्डाआड, गिटहबवर उघडी पडली.

आता हल्लेखोर काय करेल? या पीकेने तो एकही बूटलोडर थेट चालवू शकत नाही, कारण पीके डीबीत नाही. यंत्रावर प्रशासकाचे अधिकार मिळाले की तो पीकेची सही करून आपली चावी केईकेमध्ये घालेल, त्या चावीची सही करून आपले प्रमाणपत्र डीबीत घालेल आणि मग त्या प्रमाणपत्राने सही केलेला बूटकिट, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधीच चालणारा घातक प्रोग्राम, बसवेल. हवे तर डीबीएक्समधल्या नोंदीही पुसेल. एवढे होऊनही सिक्युअर बूट ‘चालू’च दिसेल. लिनक्सवर आपली पीके पाहायची असेल तर:

```
mokutil --pk
```

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून डीबीएक्स आता घाईने. ही यादी फर्मवेअरच्या मोजक्या जागेत राहते आणि एका हॅशची नोंद ४८ बाइट खाते. २०२० मध्ये ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरमध्ये ‘बूटहोल’ ही त्रुटी निघाली, तेव्हा सुमारे दीडशे हॅश एकदम घालावे लागले. असे फार काळ परवडत नाही, म्हणून ग्रबच्या आधी चालणाऱ्या शिम या छोट्या बूटलोडरमध्ये एसबॅट ही पिढीक्रमांकांची पद्धत आली: एकेक हॅश न घालता एका क्रमांकाने त्याआधीच्या सगळ्या आवृत्त्या नाकारायच्या. ब्लॅकलोटस या बूटकिटसाठी मायक्रोसॉफ्टने दुसरा उपाय ठेवला: डीबीत असलेले आपलेच २०११ चे विंडोज प्रमाणपत्र डीबीएक्समध्ये टाकायचे. पण ते टाकले की त्या प्रमाणपत्राने सही केलेले जुने इन्स्टॉल पेनड्राइव्हही चालत नाहीत. म्हणून आधी डीबीत २०२३ चे प्रमाणपत्र, मग नवा बूट मॅनेजर, आणि शेवटी डीबीएक्स, हा क्रम उलटता येत नाही.

शेवटचा मुद्दा. मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या केईकेची मुदत जून २०२६ पर्यंतची. २०२३ ची नवी चावी मायक्रोसॉफ्टला स्वतःच्या सहीने बसवता येत नाही. प्रत्येक उत्पादकाने आपल्या पीकेने तिच्यावर सही करून द्यावी लागते. ज्या यंत्राच्या उत्पादकाने ती दिली नाही, ते यंत्र बंद पडत नाही, पण नव्या केईकेने सही केलेले डीबी आणि डीबीएक्सचे बदल ते नाकारते. तिथे मालकाने सेटअप मोडमध्ये जाऊन चाव्या हाताने भरायच्या, आणि त्याआधी बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवायची.