एक लेख, तीन वाटा

नमस्कार श्रोतेहो. शेतकरी कंपनीचं, बचत गटाचं किंवा गावाच्या वाचनालयाचं लिखाण जे सांभाळतात, त्यांच्यासाठी आजचं हे बोलणं आहे. तुमच्याकडे एक मोठा, मेहनतीनं लिहिलेला लेख आहे. त्याचाच वार्तापत्राचा अंक करायचा, मिनिटभराचा व्हिडिओ करायचा आणि मोबाईलवर पाठवायचे छोटे मजकूरही करायचे. हे कसं करायचं, ते एकाच लेखावरून पाहू.

समजा, लेख कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर आहे आणि अठराशे शब्दांचा आहे. त्यात अळीचा जीवनक्रम, डोमकळीची ओळख, कामगंध सापळे, बोंडांची तपासणी, फवारणी आणि फरदड का घेऊ नये, असं सगळं आलं आहे. बहुतेक जण इथं लगेच कात्री चालवतात. अठराशेचे पाचशे करतात, पाचशेचे शंभर. मग तिन्ही ठिकाणी तेच जातं, फक्त जास्त विरळ होत जातं. त्याऐवजी लेख आधी सुटा करा. छापून घ्या आणि हातात पेन धरून प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न विचारा: हे वाचून माणूस या आठवड्यात वावरात जाऊन नेमकं काय करेल? ज्याला उत्तर मिळतं तो परिच्छेद उपयोगाचा. बाकीचा मजकूर मूळ लेखातच शोभतो.

त्यानंतर एक कोरा कागद घ्या आणि लेखातला प्रत्येक आकडा त्याच्या अटीसकट त्यावर उतरवा. या कामात सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. लेखात वाक्य असतं: हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत, आणि एका सापळ्यात एका रात्री आठ पतंग, असं सलग तीन रात्री सापडलं, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं समजावं. छोटा मजकूर लिहिताना त्याचं होतं: ‘आठ पतंग दिसले की फवारणी करा.’ आता वाचणारा सकाळी पाचही सापळे पाहतो, सगळे मिळून आठ पतंग मोजतो आणि पंप पाठीवर घेतो. खरं तर त्याच्याकडे एका सापळ्यामागे दोन पतंगसुद्धा पडलेले नसतात, आणि झालेली असते एकच रात्र. आकडा बरोबर पोचला, पण ‘एका सापळ्यात’, ‘एका रात्री’ आणि ‘सलग तीन रात्री’ हे तिन्ही शब्द वाटेतच गळले. म्हणून नियम असा ठेवा: अट बसत नसेल तर आकडाच घेऊ नका, दुसरा मुद्दा निवडा.

औषधाच्या मात्रेला तर हा नियम आणखी कडक लावा. मात्रा छोट्या मजकुरात अजिबात देऊ नये. तो मजकूर पुढे पुढे जातो आणि कुणीतरी तो दुसऱ्याच पिकाला, दुसऱ्याच पंपाला लावतो. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. मात्रा, सुरक्षेची साधनं आणि डब्यावरच्या सूचना यांची जागा मूळ लेखात, सगळं एकत्र.

आता वार्तापत्राचा अंक. त्यात चार-पाचशे शब्द पुरतात आणि विषय एकच: सापळे लावणं आणि मोजणं. कारण ही कृती रोज नोंद ठेवून करायची आहे, आणि नोंद ठेवणाऱ्याला मजकूर पुन्हा उघडून पाहता यायला हवा. ईमेलनं जात असेल तर विषयाच्या ओळीतली पहिली तीस-पस्तीस अक्षरंच मोबाईलवर दिसतात. ‘आमच्या वार्तापत्राचा ऑगस्टचा अंक’ असं लिहिलं तर तेवढ्यात काहीच कळत नाही. ‘कपाशी: सापळे आता लावा’ असं लिहा. मजकुरात आधी कृती, मग कारण, शेवटी मूळ लेखाची लिंक. लेखाची सुरुवात जीवनक्रमानं झाली असेल तर अंकाची करू नका. वेळही पिकाच्या वयावरून ठरवा. पेरणीनंतर दीड महिन्यानं सापळे लागायला हवेत, म्हणून जूनच्या मध्यात पेरणी झालेल्या भागात हा अंक जुलैच्या अखेरीस पोचला पाहिजे. लेख कधीही छापून आलेला असो.

व्हिडिओला मात्र सापळ्याचा मुद्दा देऊ नका, बोंडाचा द्या. अळी बोंडात शिरली की तिचं बारीक छिद्र बुजतं. बोंड बाहेरून धडधाकट दिसतं आणि आत सरकी खाल्ली जात असते. हे शब्दांनी कितीही सांगितलं तरी पटत नाही, डोळ्यांनी पाहिलं की पटतं. मराठीत सावकाश बोललं तर एका मिनिटात शंभर-एकशेदहा शब्द बसतात, म्हणून संहिता नव्वद शब्दांतच लिहा. उरलेला वेळ हाताच्या कामाला लागतो. पहिल्याच चित्रात तळहातावर हिरवं बोंड, आणि आवाज: ‘हे बोंड चांगलं दिसते ना? फोडून पाहू.’ नमस्कार आणि संस्थेचं नाव शेवटी. मग भुईमुगाची शेंग फोडावी तसं बोंड टिचवून दाखवा, आतली अळी जवळून. पुढचं वाक्य: ‘एका एकरात वीस वेगवेगळ्या झाडांवरची वीस हिरवी बोंडं तोडा. दोन किंवा जास्त बोंडांत अळी निघाली, तर नुकसानीची पातळी गाठली.’ शेवटी, पुढं काय करायचं ते लेखात आहे, एवढं सांगून थांबा.

चित्रीकरण सकाळी करा, वारा कमी असतो. मोबाईल उभा धरा, बोंडावर बोट दाबून फोकस पक्का करा, नाहीतर तो मागच्या पऱ्हाटीवर जातो. आवाज बंद ठेवून पाहणारे बरेच असतात, म्हणून अक्षरं चित्रावर द्या, पण खालच्या पट्ट्यात नको. तिथं ॲपची बटणं आणि नाव येतं. काही संपादनाच्या ॲपमध्ये देवनागरी तुटते. ‘पऱ्हाटी’तला र सुटा होतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. तयार झालेला व्हिडिओ पाठवण्याआधी साध्या मोबाईलवर एकदा पूर्ण पाहा.

छोटे मजकूर तीनच करा आणि ते पिकाच्या क्रमानं सोडा. आधी सापळ्याचा नियम, अटीसकट. फुलं लागली की डोमकळीचा फोटो: पाकळ्या एकमेकींना चिकटलेलं, न उमललेलं फूल, आणि खाली एकच ओळ, ‘असं फूल दिसलं तर तोडून अळीसकट नष्ट करा.’ बोंडं धरल्यावर वीस बोंडांची तपासणी, सोबत व्हिडिओ. नियम फोटोवर लिहून पाठवू नका. पाठवताना फोटो दाबला जातो, बारीक अक्षरं पुसट होतात आणि कुणाला उतरवूनही घेता येत नाहीत. मजकूर पुढे पाठवला की तुमचं नाव आणि तारीख मागेच राहते, म्हणून तारीख, पीक आणि पिकाचं वय मजकुराच्या आतच लिहा: ‘25 जुलै, कपाशी, पेरणीनंतर 45 दिवस.’ नाहीतर तोच मजकूर पुढच्या वर्षी भलत्याच महिन्यात फिरत येतो.

कोणता आकडा अंकात, व्हिडिओत आणि कोणत्या मजकुरात गेला, ते त्याच कोऱ्या कागदावर आकड्यापुढे लिहून ठेवा. कृषी विद्यापीठाची शिफारस बदलली किंवा लेखात चूक निघाली, तर दुरुस्ती कुठं कुठं करायची ते लगेच कळतं. व्हॉट्सॲपवरचा संदेश पाठवल्यापासून पंधरा मिनिटांतच बदलता येतो, आणि जो पुढे गेला तो तर मुळीच नाही. म्हणून नवा संदेश पाठवा, पहिला शब्द ‘दुरुस्ती’, मग जुनं वाक्य आणि त्याखाली बरोबर वाक्य. जिथं जिथं जुना गेला, तिथं तिथं.