चिंचोके आणि गगनबावडा लाइन

(दृश्य: सकाळ, गोडाऊनचं शटर वर जातं. पेट्यांची थप्पी, बाजूला पाच मोटरसायकली.)

कोल्हापूर, सकाळचे साडेआठ. बिस्किटाच्या पेट्या छतापर्यंत गेल्यात. वजनाला हलक्या, पण जागा खाणाऱ्या. मालाची गाडी उद्या निघेल. आज निघतील हे पाच जण, ऑर्डर घ्यायला. पाच सेल्समन, पाच लाइनी. रोजचं एक बीट, म्हणजे एका दिवसाचा ठरलेला फेरा, बीटात चाळीस दुकानं, आठवड्याला सहा बीटं. म्हणजे प्रत्येकाच्या नावावर दोनशे चाळीस दुकानं, कुणाला एकही कमी-जास्त नाही.

कागदावर याहून सरळ वाटणी होऊ शकत नाही. आणि भांडण नेमकं याच कागदावरून सुरू झालं.

(दृश्य: मोटरसायकलवरून रस्ता. फुलेवाडी, बालिंगा, उसाचे फड.)

हा गगनबावड्याचा रस्ता. फुलेवाडी मागं पडली की बालिंगा, मग कळे, पुढं असळज, आणि साधारण पंचावन्न किलोमीटरवर गगनबावडा. एकेका गावात दोन दुकानं, कुठं तीन. मधल्या रस्त्यात बिस्किट घेणारं कुणी नाही, तिथं नुसतं पेट्रोल जळतं.

आम्ही या लाइनीच्या सेल्समनच्या मागं तीन दिवस फिरलो. मालकांनी हातात घड्याळ दिलं होतं. दुकानात शिरून फळीवरचा माल बघायचा, मागच्या बिलाचे पैसे मागायचे, स्कीम सांगायची, ऑर्डर मोबाइलवर टाकायची, या सगळ्याला सरासरी सात मिनिटं. पैसे मागण्यातच निम्मा वेळ जातो. दुकानदार चार नोटा मोजतो, मध्येच गिऱ्हाईक येतं, तो साखर तोलायला वळतो. नोटा पुन्हा पहिल्यापासून.

चाळीस दुकानांचे सात-सात मिनिटं धरले तर दोनशे ऐंशी मिनिटं. शहरात एका दुकानातून दुसऱ्यात जायला दोन मिनिटं पुरतात, त्यामुळं लक्ष्मीपुरी-शाहूपुरीच्या सेल्समनचा दिवस सहा तासांत आवरतो. गगनबावड्याच्या टोकाच्या बीटाला नुसत्या जाण्या-येण्याचे तीन तास, आणि गावात आत-बाहेर करायला चाळीस मिनिटं. बेरीज सव्वाआठ तासांच्या वर. दिवसाला बाजारात देता येतात सात.

(दृश्य: मोबाइलचा पडदा, ऑर्डरींच्या वेळा एकाखाली एक.)

उरलेली दुकानं कशी होतात, ते इथं दिसतं. पाच वाजून दहा, पाच अकरा, पाच बारा. सहा मिनिटांत आठ दुकानं, सगळ्यांपुढं 'ऑर्डर नाही', आणि आठही नोंदी एकाच जागेवरून. ती जागा म्हणजे कळ्याच्या अलीकडची चहाची टपरी. याला कामचुकारपणा म्हणणं सोपं आहे. आम्हीही पहिल्या दिवशी तेच म्हणालो होतो. पण ऑफिसातून पडद्यावर चाळीस टिकमार्क बघणाऱ्यानं एकदा घड्याळ बांधून हा रस्ता करावा. सेल्समन स्वतः म्हणाला, "मालक, दुकानं सारखी हाईत, रस्ता सारखा न्हाई."

(दृश्य: गोडाऊनची फरशी. पेटीचा पुठ्ठा उलगडून त्यावर स्केचपेननं काढलेला नकाशा. चिंचोके.)

मग रविवारी हा पुठ्ठा आला. मध्ये शहर, बाहेर जाणारे रस्ते. मालकांच्या आईनं चिंचोके दिले. एक चिंचोका म्हणजे एक तास, हिशेब पंधरवड्याचा, कारण काही लहान टपऱ्यांना एक आठवडा सोडूनच जातात. बारा दिवस, रोज सात तास, म्हणजे एका माणसाला चौऱ्याऐंशी चिंचोके झेपतात.

चिंचोके त्या त्या लाइनीवर मांडत गेले. शहरावर बहात्तर. शिरोली-हातकणंगले सत्त्याहत्तर. गोकुळ शिरगाव-कागल एकोणऐंशी. राधानगरी एक्क्याण्णव. गगनबावडा त्र्याण्णव. सगळे मिळून चारशे बारा. पाच जणांत वाटले तर प्रत्येकी ब्याऐंशी-त्र्याऐंशी. माणसं पुरेशी होती, फक्त चिंचोके चुकीच्या जागी पडले होते.

(दृश्य: मालकांचा हात दहा चिंचोके उचलतो, शहराकडं सरकवतो.)

फुलेवाडी शहराला चिकटूनच आहे. तिचे दहा तास शहराच्या लाइनीला दिले. इकडं ब्याऐंशी, तिकडं त्र्याऐंशी. राधानगरीच्या टोकाच्या टपऱ्या आठवड्याऐवजी पंधरवड्यावर नेल्या, तिथलेही सात कमी झाले. सगळे हसले. गगनबावड्याचा सेल्समन तेवढा हसला नाही.

त्याचं बरोबर होतं. फुलेवाडी हा त्याच्या लाइनीतला सगळ्यात जवळचा, सगळ्यात विकणारा तुकडा. वेळ वाचला, पण महिन्याच्या अडीच लाखांच्या विक्रीतले पंचेचाळीस हजार गेले. टार्गेट तेच ठेवलं असतं तर वाटणीच्या नावाखाली त्याचा इन्सेंटिव्हच कापला गेला असता. तास समान केले म्हणजे काम समान होतं, कमाई नाही. तिचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

(दृश्य: लक्ष्मीपुरी, होलसेल दुकान. गावाकडचा दुकानदार पेटी मोटरसायकलला बांधतोय.)

आणि तो मांडताना हे दृश्य कामाला आलं. दोरीनं पेटी बांधणारा हा माणूस कळ्याकडचा किराणा दुकानदार. बाजाराला आला, तेल-डाळीबरोबर बिस्किटंही इथूनच उचलली. होलसेलवाला पेटीवरच्या स्कीममधला थोडा हिस्सा त्याला सोडतो, उधारही देतो. बिस्किट खाल्लं जाणार कळ्याला, विक्री चढणार शहराच्या सेल्समनच्या खात्यावर. त्याच्या महिन्याच्या नऊ लाखांत पाच लाख असेच, चार होलसेल दुकानांचे. टार्गेट अडलं की महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत होलसेलला माल ढकलायचा, आकडा पूर्ण.

नकाशावर रेषा कितीही नीट ओढा, असा माल रेषा ओलांडून जातोच. त्यामुळं मालकांनी ही चार दुकानं कुणाच्याच लाइनीत ठेवली नाहीत. ती आता ऑफिसच्या खात्यावर, ऑर्डर मालक फोनवर घेतात. उरलेल्या किरकोळ विक्रीवर प्रत्येक लाइनीचं टार्गेट नव्यानं ठरलं, मागच्या बारा महिन्यांच्या बिलांवरून. इन्सेंटिव्ह आकड्यावर नाही, आपल्या टार्गेटच्या किती टक्के झालं त्यावर. पेट्रोल किलोमीटरप्रमाणं.

शहराच्या सेल्समनला या महिन्यात कमी पैसे मिळाले. तो कॅमेऱ्यासमोर बोलला नाही.

(दृश्य: फुलेवाडीतलं किराणा दुकान. जुना आणि नवा सेल्समन एकत्र.)

दुकान एकाकडून दुसऱ्याकडं जातं तेव्हा त्याच्याबरोबर बाकीही जाते. जुनी बिलं, आणि तोंडी दिलेले शब्द. हे दुकानदार भिजलेल्या पुड्यांची पिशवी काढून दाखवतायत. "त्यो म्हणला हुता, डॅमेज घेतो म्हणून." म्हणाला होता खरा. त्यामुळं पहिला फेरा दोघांनी मिळून करायचा, दुकानदारासमोर बाकी वहीत लिहून त्यावर सही घ्यायची, आणि जुनी वसुली तीन आठवडे जुन्यानंच करायची. हे केलं नाही तर नवा माणूस ऑर्डर घेण्याऐवजी महिनाभर दुसऱ्याची भांडणं मिटवत बसतो.

(दृश्य: पावसाची सर, असळजचं शेवटचं दुकान, प्लॅस्टिकच्या कागदाखाली बरण्या.)

चिंचोके मोजले फेब्रुवारीत, कोरड्या रस्त्यावर. हे चित्रण जूनचं. पावसाळ्यात पुराचं पाणी आलं की हा रस्ता बंद पडतो, तेव्हा त्र्याऐंशी तासांना काही अर्थ राहत नाही. पुठ्ठ्यावर पावसाळ्याची वेगळी मांडणी अजून झालेली नाही. मालक म्हणतात, दिवाळीनंतर पुन्हा बसू.

या दुकानाला मार्चपर्यंत मोबाइलवर टिकमार्क होता, बिल नव्हतं. आजची ऑर्डर चार वाजून वीस मिनिटांनी पडली. ग्लुकोजच्या दोन पेट्या, क्रीमची अर्धी, आणि खारी हवीय का विचारल्यावर बाईंनी नको म्हणून हात हलवला.