कोणत्या महिन्याच्या पगारापासून?

श्रोतेहो, नमस्कार.

जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात पगारपत्रक लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली. पगारातून भविष्य निर्वाह निधीची जादा कपात सुरू करा, वाढवा किंवा बंद करा असे अर्ज माझ्या टेबलावर नेहमी येत. बहुतेक अर्ज दोन ओळींचे असत, आणि त्यांतला एकच शब्द पुढे तापदायक ठरे, तो म्हणजे महिन्याचे नाव. आज मी त्याच एका शब्दाविषयी बोलणार आहे.

आधी ही जादा कपात म्हणजे काय ते सांगतो. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिच्या १२ टक्के कपात कामगाराच्या पगारातून सक्तीने होते. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना १९५२ सालची आहे आणि तिने कामगाराला मुभा दिली आहे की त्याची इच्छा असल्यास त्याने या १२ टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम आपल्या खात्यात भरावी. या अधिक रकमेला आपण ऐच्छिक भविष्य निर्वाह निधी किंवा व्हीपीएफ म्हणतो. मात्र कामगाराने वाढवले म्हणून मालकानेही आपला वाटा वाढवावा, असे बंधन नाही. जिल्हा परिषदेच्या किंवा शासनाच्या सेवेत असलेल्या श्रोत्यांचा निधी वेगळा आहे, त्याचे नियमही वेगळे आहेत, म्हणून आजचे बोलणे त्यांनी स्वतःला लावून घेऊ नये.

आमच्याकडे एक फिटर होते. घरची तीन एकर कोरडवाहू शेती, तीत पऱ्हाटी आणि तूर. कारखान्यात त्यांचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये होत. त्यावर सक्तीची कपात १,६८० रुपये. मालकाचा वाटाही १,६८० रुपयेच, पण त्यातले १,१६६ रुपये निवृत्तिवेतनाच्या खात्यात आणि उरलेले ५१४ रुपये भविष्य निधीत जात. दिवाळी झाल्यावर कापसाचा पैसा घरात येतो आणि पगाराला फारसा हात लागत नाही, म्हणून त्यांनी अर्ज दिला की नोव्हेंबरच्या पगारापासून दरमहा २,००० रुपये जादा कापावेत. तेव्हापासून त्यांच्या नावची एकूण कपात ३,६८० रुपये झाली आणि मालकाचा वाटा होता तसाच राहिला.

हा पहिला अर्ज ठीक होता, कारण तो त्यांच्या मुलीने लिहिला होता आणि तिने 'नोव्हेंबर महिन्याच्या वेतनापासून' असे पूर्ण लिहिले होते. जानेवारीत ते स्वतः एक चिठ्ठी घेऊन आले. तीत लिहिले होते, 'माझे व्हीपीएफ तीन हजार वाढवा.' मी विचारले, तीन हजारांनी वाढवायचे की तीन हजारांपर्यंत? पहिल्या अर्थाने महिन्याला ५,००० रुपये जादा कापले गेले असते, दुसऱ्या अर्थाने ३,०००. त्यांना ३,००० हवे होते. मी ती चिठ्ठी परत देऊन 'दरमहा २,००० रुपयांवरून दरमहा ३,००० रुपये करावी' असे लिहून आणायला सांगितले. टक्क्यांतही हाच घोळ होतो. 'पंधरा टक्के कापा' असे कोणी लिहिले, तर सक्तीचे बारा धरून पंधरा, की बारावर आणखी पंधरा? १४,००० रुपयांवर पहिल्या अर्थाने जादा कपात ४२० रुपये येते आणि दुसऱ्या अर्थाने २,१००. माझे स्पष्ट मत असे आहे की रक्कम रुपयांत लिहावी. टक्केवारी लिहायची असेल, तर 'सक्तीच्या १२ टक्क्यांव्यतिरिक्त' हे शब्द तिच्याआधी आलेच पाहिजेत.

त्या दिवशी मी रकमेबद्दल इतकी चौकशी केली, पण महिन्याबद्दल चौकशी करण्याची वेळ आली तेव्हा मीच चुकलो.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांची तिसरी चिठ्ठी आली. 'व्हीपीएफ कपात जूनपासून बंद करावी.' आमचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत होत असे, म्हणजे मे महिन्याच्या कामाचा पगार जूनच्या पहिल्या आठवड्यात हातात येई. मृग नक्षत्र लागते ते याच सुमारास. माझ्या डोक्यात पगारपत्रकाचा महिना होता, म्हणून मी 'जूनपासून' याचा अर्थ 'जूनच्या कामाच्या पगारापासून' असा घेतला, आणि मे महिन्याच्या पगारातून नेहमीप्रमाणे ३,००० रुपये कापले. त्यांच्या डोक्यात मात्र जून म्हणजे ज्या महिन्यात पैसे हातात येतात तो महिना होता. पगार झाला त्या संध्याकाळी ते पगार चिठ्ठी घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"बाबूजी, मले जूनच्या हातात पैसे पाहिजे होते न. मी तं जूनच लिवलं होतं."

त्यांनी जून लिहिले होते आणि मी जूनच वाचले होते. त्या ३,००० रुपयांत कपाशीच्या बियाण्याची तीन पाकिटे आली असती, ती त्यांनी कृषी केंद्रातून उधारीवर आणली. विवरण भरले जाऊन पैसे निधीत गेले की ते मालकाच्या हातात राहत नाहीत. ती रक्कम त्यांच्याच खात्यात सुरक्षित होती, पण ती काढायची म्हणजे भविष्य निधीतून रक्कम काढण्याचे नियम आणि अर्ज आले, आणि पेरणी त्यासाठी थांबत नाही.

हा गोंधळ आम्हा दोघांचाच होता असे समजू नका. निधी कार्यालयाच्या पासबुकातही दोन महिने शेजारी शेजारी दिसतात. मे २०२५ च्या पगाराची नोंद पाहिली, तर `Wage Month` या रकान्यात मे दिसतो, आणि तिच्याच पुढे तपशिलात `Cont. For Due-Month 062025`, म्हणजे जून. कारण मे महिन्याच्या पगाराची कपात मालकाने १५ जूनपर्यंत भरायची असते. म्हणून अर्जात नुसते महिन्याचे नाव कधीही पुरत नाही. महिना लिहिला की त्यापुढे 'च्या कामाचे वेतन' हे शब्द यावेत, आणि ते वेतन कोणत्या महिन्यात हाती येणार आहे तेही लिहावे.

असा अर्ज कसा असावा, तो मी सावकाश वाचतो. श्रोत्यांपैकी कोणाला लिहून घ्यायचा असेल, तर कागद पेन जवळ घ्यावे.

"प्रति, व्यवस्थापक. विषय: ऐच्छिक भविष्य निर्वाह निधीची कपात बंद करण्याबाबत. महोदय, माझा कामगार क्रमांक अमुक आणि यूएएन क्रमांक अमुक आहे. माझ्या वेतनातून सक्तीच्या १२ टक्के कपातीव्यतिरिक्त सध्या दरमहा ३,००० रुपये ऐच्छिक कपात होत आहे. ही ऐच्छिक कपात मे २०२६ या महिन्याच्या कामाच्या वेतनापासून, म्हणजेच जून २०२६ मध्ये मला मिळणाऱ्या वेतनापासून, पूर्णपणे बंद करावी. सक्तीची १२ टक्के कपात आहे तशीच चालू ठेवावी. आपला विश्वासू." खाली सही आणि अर्ज दिल्याची तारीख.

सुरू करायची असेल, तर विषयात 'बंद' ऐवजी 'सुरू' लिहायचे, सध्याच्या ऐच्छिक कपातीचे वाक्य गाळायचे आणि मधल्या वाक्यात 'दरमहा इतके रुपये ऐच्छिक कपात सुरू करावी' असे लिहायचे. वाढवायची असेल, तर 'इतक्या रुपयांवरून इतके रुपये करावी' असे लिहायचे. सक्तीच्या कपातीबद्दलचे शेवटचे वाक्य बंद करण्याच्या अर्जात मी मुद्दाम ठेवले आहे, कारण 'माझा पीएफ बंद करा' असे लिहिलेले अर्जही मी पाहिले आहेत. तो बंद करण्याचा अधिकार नोकरी चालू असताना कामगारालाही नाही आणि मालकालाही नाही.

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर पोच म्हणून शिक्का, सही आणि तारीख घ्यावी. तारीख महत्त्वाची, कारण पगारपत्रक महिना संपण्याच्या आधीच बंद होते. आमच्याकडे २० तारखेपर्यंत आलेला अर्ज त्याच महिन्याच्या पगाराला लागू होई, त्यानंतरचा पुढच्या महिन्यावर जाई. आपल्याकडे ही तारीख कोणती, हे लेखा विभागात आधी विचारून घ्यावे. काही आस्थापना असा बदल वर्षातून एकदा एप्रिलमध्येच, किंवा ठरलेल्या दोन वेळांनाच स्वीकारतात. तसा प्रघात असेल, तर पेरणीच्या तोंडावर कपात थांबवता येणार नाही हे धरूनच सुरुवातीची रक्कम ठरवावी. अशा ठिकाणी ३,००० ऐवजी १,००० रुपयांनी सुरुवात केलेली बरी.

अर्ज लागू झाला की नाही, हे दोन ठिकाणी कळते. पहिली पगार चिठ्ठी. तीत ऐच्छिक कपातीची ओळ सहसा वेगळी असते. दुसरे पासबुक. तिथे ती वेगळी दिसत नाही, कामगाराच्या वाट्यात मिसळलेली असते. आमच्या फिटरभाऊंच्या नोंदीत २,००० रुपयांची कपात चालू असताना कामगाराचा वाटा ३,६८० दिसे, ३,००० झाल्यावर ४,६८०, आणि बंद झाल्यावर पुन्हा १,६८०. इंटरनेट चालत नसेल, तर नोंदवलेल्या मोबाइलवरून `EPFOHO UAN MAR` असा संदेश 7738299899 या क्रमांकावर पाठवला की शेवटची जमा रक्कम आणि शिल्लक मराठीत येते. त्यासाठी यूएएन चालू केलेला असावा लागतो. चिठ्ठीत कपात झाली आणि पुढच्या महिन्याची १५ तारीख उलटून बरेच दिवस झाले तरी पासबुकात ती दिसली नाही, तर आधी लेखा विभागाला लेखी विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर निधी कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करावी.

कराबद्दल फार बोलत नाही. या पैशावर भविष्य निधीचेच व्याज मिळते, ते २०२४-२५ या वर्षासाठी ८.२५ टक्के होते. कामगाराचा स्वतःचा वाटा वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला, तरच वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो. आमच्या फिटरभाऊंचा वाटा, ४,६८० रुपये वर्षभर कापले असते तरी, ५६,१६० रुपयेच झाला असता. भरलेल्या रकमेची प्राप्तिकरातली वजावट मात्र जुनी कररचना निवडणाऱ्यालाच मिळते.

पुढच्या वर्षी १२ मे रोजी ते पुन्हा आले. अर्ज मुलीच्याच अक्षरात होता, 'मे महिन्याच्या कामाचे वेतन, जे जूनमध्ये मिळेल' असे त्यात लिहिले होते, आणि शिवाय खाली एक ओळ होती की ऑक्टोबरच्या कामाच्या वेतनापासून कपात पुन्हा सुरू करण्यासाठी मी वेगळा अर्ज देईन. मी शिक्का मारून दुसरी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवण्याआधी तारीख वाचून पाहिली आणि विचारले, "बाबूजी, ह्या टायमाले बराबर न?"

नमस्कार.