स्टोअर रिव्ह्यूमुळे माइलस्टोन लांबला, क्लायंटला मेल कसा लिहायचा?

नमस्कार मंडळी, सांगलीतून बोलतोय. आज एकच मेल दाखवणारे, मागच्या महिन्यात मी खरंच पाठवलेला. क्लायंट तासगावचे, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे त्यांचं, आणि ॲप असं की शेतकऱ्याला त्याचे किती बॉक्स आत आहेत, किती विकले गेले ते मोबाईलवर दिसावं. तिसरा माइलस्टोन होता आयफोनचं ॲप शुक्रवारपर्यंत स्टोअरवर लाईव्ह, आणि शनिवारी त्यांनी शेतकऱ्यांची मीटिंग ठेवलेली.

सोमवारी रात्री सबमिट केलं. स्टेटस आधी `Waiting for Review`, मग `In Review`, आणि बुधवारी सकाळी उठून बघतो तर `Rejected`. कारण गाइडलाइन 2.1, लॉगिन करता आलं नाही. चूक माझीच होती. आपल्या ॲपला लॉगिन म्हणजे मोबाईल नंबर आणि ओटीपी, आणि रिव्ह्यू करणाऱ्याकडे आपला भारतीय नंबर कुठून असणार, त्याला ओटीपी येणारच नाही. त्यासाठी सबमिट करताना `App Review Information` मध्ये एक टेस्ट नंबर आणि त्याचा कायम चालणारा ओटीपी द्यायचा असतो, तो मी दिलाच नव्हता. सर्व्हरवर फक्त त्या एका नंबरला ठरलेला ओटीपी चालेल असं करायचं आणि त्या खात्यात खोटा डेटा भरायचा, नाहीतर खऱ्या शेतकऱ्याचा हिशोब तिसऱ्याच माणसाला दिसायचा.

हे तासाभराचं काम आहे, आणि इथंच आपण फसतो. पटकन फोन करून सांगतो की साहेब, किरकोळ होतं, उद्या लाईव्ह. पण बघा, तो माणूस लॉगिनच्या पुढं गेलेलाच नाही, म्हणजे आतलं ॲप अजून कुणी तपासलेलंच नाही, लॉगिन उघडून दिलं की आतली दुसरी चूक सापडू शकते आणि परत रिजेक्ट. बहुतेक सबमिशन 24 तासांत बघितली जातात असं ॲपल सांगतं, पण ते प्रत्येक फेरीचं झालं, आणि फेऱ्या किती होतील ते आपल्या हातात नाही. म्हणून मी आधी आतलं सगळं स्वतः तपासलं, तर खातं डिलीट करायची सोयच नव्हती. ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं त्यात ते डिलीट करायची सोयही ॲपमध्येच पाहिजे, 30 जून 2022 पासून हे सक्तीचं आहे. नुसता टेस्ट नंबर असता तर तेच बिल्ड परत पाठवता आलं असतं, आता नवीन बिल्ड लागणार होतं. हे कळल्यावरच मेल लिहिला, बुधवारी दुपारी. वाचून दाखवतो.

> विषय: आयफोन ॲप शुक्रवारी लाईव्ह होणार नाही, नवीन अंदाज पुढचा बुधवार
>
> नमस्कार आण्णा,
>
> ॲप स्टोअरनं आज सकाळी ॲप परत पाठवलं. त्यांच्या माणसाला ओटीपी न आल्यामुळं आत जाता आलं नाही. टेस्ट नंबर द्यायचा माझ्याकडून राहिला होता.
>
> तो आता दिलाय. शिवाय खातं डिलीट करायची सोय राहिली होती, ती आज रात्रीपर्यंत घालून ॲप परत पाठवतो. त्यानंतर तपासणी त्यांच्या हातात आहे. एकदा परत आलं तरी सावरता यावं म्हणून पुढचा बुधवार धरलाय.
>
> शनिवारच्या मीटिंगमध्ये आयफोनवाल्यांना तारीख सांगू नका. अँड्रॉइडचं ॲप चालू आहे, ते दाखवता येईल. माइलस्टोनचा हप्ता ठरल्याप्रमाणं लाईव्ह झाल्यावरच.
>
> शुक्रवारी संध्याकाळी 6 वाजता स्टेटस कळवतो, काही झालेलं नसलं तरी.

विषयातच तारीख घातली, कारण आण्णा मेल अडत्याच्या दुकानात उभ्या उभ्या बघतात, नुसतं 'प्रोजेक्ट अपडेट' लिहिलं असतं तर रात्रीपर्यंत उघडलाच नसता. गाइडलाइनचा नंबर मेलमध्ये नाही, त्यांना त्याचा काय उपयोग. पण मीटिंगचं वाक्य मात्र पाहिजेच, उशिरामुळं त्यांचं काय अडतंय ते तिथं आहे, आणि खरं सांगायचं तर ते वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आण्णांचा फोन आला, विचारलं, "अर्जंट करून घेता येत नाही का?" तशी विनंती करता येते, पण ती मुख्यतः चालू ॲपमधला गंभीर बिघाड किंवा ठरलेल्या तारखेचा कार्यक्रम असेल तर, आणि मान्य होईलच असं नाही. मी म्हटलं करून बघतो, पण तारीख बुधवारच धरा.

शुक्रवारी 6 वाजता मेल केला, अजून `Waiting for Review`. सोमवारी दुपारी मंजूर झालं. पुढच्या कोटेशनमध्ये मी हा माइलस्टोन दोन तुकड्यांत लिहिलाय, स्टोअरला सबमिट केल्यावर एक हप्ता आणि लाईव्ह झाल्यावर दुसरा, आण्णांनी ते वाचून लगेच सही केली.